चार समान हप्ते, पण पहिला चौदा हजारांचा: शाळेची फीची नोटीस पुन्हा लिहिताना

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, किंवा बसमध्ये हेडफोन विसरलेला असतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी बरीच भरकटले होते, ते इथे थोडं आवरलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घरून असा मेसेज येत असेल. आई किंवा वहिनी कसला तरी तिरका फोटो पाठवते आणि खाली लिहिते, "बघ गं, यात नक्की किती भरायचेत?" घरात जो मोबाईलवर सगळ्यात जास्त वेळ असतो, तो घराचा अधिकृत नोटीस-वाचक. आमच्या घरी ते पद माझ्याकडे आहे.

2025 च्या जूनमध्ये माझ्या ताईनं असाच फोटो पाठवला. भाचा झेडपीच्या शाळेतून चौथी पास होऊन तालुक्याच्या गावातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत पाचवीला गेला होता. शाळेनं फी वाढवली होती आणि त्याची ही नोटीस. शाळा ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलून सांगते, पण मांडणी जशीच्या तशी अशी होती:

"सर्व सन्माननीय पालकांस कळविण्यात येते की, वाढता आस्थापना खर्च, शैक्षणिक सुविधांचे अद्ययावतीकरण व इतर अनुषंगिक बाबी विचारात घेता शैक्षणिक वर्ष 2025-26 पासून शाळेच्या शुल्करचनेत 12.5 टक्के इतकी सुधारणा करण्यात आलेली आहे. त्यानुसार इयत्ता 5 वी ते 7 वी करिता शिक्षण शुल्क रु. 2,250/-, सत्र शुल्क रु. 2,250/-, वाचनालय व प्रयोगशाळा शुल्क रु. 1,200/-, संगणक शुल्क रु. 2,800/- व परीक्षा शुल्क रु. 1,000/- याप्रमाणे राहील. शिक्षण शुल्क चार समान हप्त्यांत स्वीकारण्यात येईल. पहिला हप्ता शाळा सुरू झाल्यापासून 15 दिवसांचे आत, दुसरा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तिसरा द्वितीय सत्राच्या आरंभी व चौथा वार्षिक परीक्षेपूर्वी भरावा. सत्र शुल्क प्रत्येक सत्राच्या हप्त्यासोबत व इतर सर्व शुल्क प्रथम हप्त्यासोबत देय राहील. विहित मुदतीत शुल्क न भरल्यास नियमानुसार विलंब आकार लागू राहील. याची सर्वांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे."

मी ते बसस्टॉपवर उभ्या-उभ्या वाचलं आणि ताईला कळवलं, "सहा हजार सातशे पन्नास." हिशोब असा केला की 2,250 महिन्याचे, बारा महिन्यांचे 27,000, चार समान हप्ते, म्हणजे 6,750. ताईनं भिशीच्या पैशातून तेवढे बाजूला काढले आणि शाळेत गेली. खिडकीवर कळलं की पहिला हप्ता 14,000 आहे. रिकाम्या हातानं परत आली. मला फोन करून ती रागावलीही नाही, फक्त म्हणाली, "तुला तरी नीट वाचायचं ना गं." ते जास्त लागलं.

चूक माझी होतीच. "इतर सर्व शुल्क प्रथम हप्त्यासोबत" हे वाक्य डोळ्याखालून गेलं, पण डोक्यात शिरलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी ताईबरोबर शाळेत गेले, तर खिडकीवर आणखी तीन पालक तेच विचारत होते. ऑफिसमधल्या क्लार्कना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ वैतागून म्हणाले, "सगळं लिहिलंय हो नोटिशीत." आणि खरंच, सगळं लिहिलेलं होतं! त्या नोटिशीत एकही माहिती खोटी नाही. फक्त ती वाचून कोणालाही किती पैसे आणायचे हे कळत नाही. मी म्हटलं, "भाऊ, मी पुन्हा लिहून देऊ का?" ते म्हणाले, "द्या, पण मोठ्या बाईंना दाखवावं लागेल." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तिथून हे सुरू झालं.

आकड्याला शेपूट हवं

पहिली अडचण शब्दांची नव्हती, आकड्यांची होती. नोटिशीत 2,250 दोनदा येतात. शिक्षण शुल्काचे 2,250 महिन्याचे आहेत. सत्र शुल्काचे 2,250 एका सत्राचे, आणि सत्रं दोन. बाकीचे तीन आकडे वर्षाचे. म्हणजे एकाच वाक्यात तीन वेगवेगळी मापं आहेत आणि एकाही आकड्यापुढे त्याचं माप लिहिलेलं नाही. नोटीस लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो रोज तेच आकडे पावतीवर लिहितो. शाळेत नव्यानं आलेल्या माणसानं शिक्षण शुल्क वर्षाला फक्त 2,250 आहे असं समजलं, तर त्याला हसायचं कारण नाही.

म्हणून मी भाऊंना आधी सगळे आकडे वर्षाच्या मापात मागितले, आणि मागच्या वर्षीचेही. ते असे निघाले: शिक्षण शुल्क 24,000 वरून 27,000, सत्र शुल्क 4,000 वरून 4,500, संगणक शुल्क 1,800 वरून 2,800. वाचनालय-प्रयोगशाळेचे 1,200 आणि परीक्षेचे 1,000 तसेच. एकूण 32,000 वरून 36,500. वाढ 4,500 रुपये.

आता टक्के बघा. 32,000 वर 4,500 म्हणजे 14 टक्क्यांच्या किंचित वर. मग नोटिशीतले साडेबारा टक्के कुठून आले? ते फक्त शिक्षण आणि सत्र शुल्काचे आहेत. संगणक शुल्क एकटं 55 टक्क्यांहून जास्त वाढलंय. भाऊंचा फसवायचा हेतू नव्हता. प्रस्तावात पहिल्या ओळीला साडेबारा लिहिलं होतं, तेच नोटिशीत उतरलं. पण एखादा बापमाणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसला आणि त्याला 14 दिसले, की पुढची सगळी नोटीस त्याला खोटी वाटणार. टक्का लिहायचाच असेल तर एकूण रकमेवरचा लिहावा. मी तर तो काढूनच टाकला. पालकाच्या खिशातून रुपये जातात, टक्के जात नाहीत.

बाईंनी एक सुचवलं होतं, "महिन्याला फक्त 375 रुपयांची वाढ, असं लिहू का?" हिशोब बरोबर आहे, 4,500 भागिले 12 म्हणजे 375. पण या शाळेत कोणी महिन्याला भरतच नाही. जून महिन्यात पालकाला मागच्या वर्षीपेक्षा थेट 2,000 रुपये जास्त आणायचे आहेत, कारण पहिला हप्ता 12,000 चा 14,000 झालाय. 375 वाचून आलेल्या माणसाला खिडकीवर 2,000 चा धक्का बसेल. आणि तो "फक्त" शब्द तर फ्रीजच्या जाहिरातीतला. बाईंना ते पटलं, हसल्या आणि खोडलं.

हप्ते: कोणत्या दिवशी किती आणायचे

मूळ नोटिशीत हप्त्यांच्या रकमा नाहीतच. त्या काढायचं सूत्र आहे. शिक्षण शुल्काचे चार भाग करा, सत्र शुल्क सत्राच्या हप्त्यात मिळवा, बाकीचं पहिल्यात टाका. हे गणित शाळेनं एकदा करायचं, की दीडशे-दोनशे घरांनी आपापलं करायचं? आणि "चार समान हप्ते" हे शब्द इतके ओळखीचे आहेत, की मन तिथेच थांबतं. हप्ते समान नाहीत. समान आहे तो त्यातला शिक्षण शुल्काचा भाग.

गणित केलं तर पहिल्या हप्त्यात 6,750, त्यात पहिल्या सत्राचे 2,250, आणि इतर तीन शुल्कांचे मिळून 5,000. झाले 14,000. दुसऱ्यात नुसते 6,750. तिसऱ्यात दुसऱ्या सत्राचे 2,250 मिळवून 9,000. चौथ्यात पुन्हा 6,750. चारही रकमांची बेरीज 36,500 यायलाच हवी. नोटीस छापायच्या आधी ही बेरीज करून बघायची. ती जुळली नाही तर कुठेतरी एखादं शुल्क दोनदा धरलंय किंवा सुटलंय.

तारखांची गंमत वेगळीच. "शाळा सुरू झाल्यापासून 15 दिवसांचे आत." शाळा 16 जूनला सुरू झाली. तो दिवस धरला तर 30 जून, नाही धरला तर 1 जुलै. भाऊ म्हणाले, "30 जूनच." मग तसं लिहा ना! "सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात" म्हणजे 8 पासून 14 पर्यंत की 7 पासून 13? भाऊ म्हणाले, "10 तारीख धरतो आम्ही." पण खरी मजा तिसऱ्या हप्त्याची होती. "द्वितीय सत्राच्या आरंभी." ताईनं त्याचा अर्थ दिवाळीची सुट्टी संपली की लगेच असा घेतला होता आणि दिवाळीचा फराळ-कपडे सांभाळून 9,000 कुठून आणायचे या काळजीत होती. मी भाऊंना विचारलं तर म्हणाले, "छे हो, दिवाळीनंतर लगेच कोण भरतंय? डिसेंबरच्या 10 पर्यंत घेतो आम्ही." म्हणजे शाळा प्रत्यक्षात सवलत देत होती आणि ती सवलत फक्त भाऊंच्या डोक्यात होती! जो ओळखीचा आहे, विचारायला धजतो, त्याला ती कळणार. जो बिचारा नोटीस प्रमाण मानतो, तो नोव्हेंबरात उसने घेऊन भरणार.

तेच "नियमानुसार विलंब आकार" चं. नियम काय, तर तारखेनंतर 15 दिवस काही नाही आणि मग 100 रुपये, एकदाच. ताईला वाटलं होतं रोजचा दंड बसतो. "नियमानुसार" लिहिलं, की वाचणारा नेहमी सगळ्यात वाईट नियम गृहीत धरतो. एका ओळीत मावणारा नियम असेल तर तो लिहूनच टाकावा.

तारीख लिहिताना मी वारही लिहिते. वार लिहायचा म्हटला की आपण कॅलेंडर उघडतो आणि तो दिवस रविवारी येत नाही ना, हे तिथेच कळतं.

कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं

आता सगळ्यात अवघड भाग. "वाढता आस्थापना खर्च, सुविधांचे अद्ययावतीकरण व इतर अनुषंगिक बाबी." हे वाक्य कुठल्याही शाळेच्या, कुठल्याही वर्षीच्या नोटिशीत चालेल. आणि "सुधारणा करण्यात आलेली आहे" यात ती केली कोणी, हे नाहीच.

इथे थोडा कायदा. महाराष्ट्रात शाळांच्या फीसाठी 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार शाळेच्या व्यवस्थापनानं नवीन फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. या समितीत मुख्याध्यापक, शिक्षक आणि प्रत्येक इयत्तेचे पालक असतात. समितीनं मंजूर केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते, आणि ती नोटीस बोर्डावर मराठी, इंग्रजी आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावी लागते. आता आपल्या नोटिशीत यातलं काय होतं? काहीच नाही. मी विचारलं तर बाईंनी लगेच फाईल काढली. प्रस्ताव 25 नोव्हेंबर 2024 ला ठेवलेला, 14 डिसेंबरच्या सभेत मंजूर. सगळं रीतसर. पण पालकांना वाटत होतं की मालकांच्या मनात आलं आणि वाढवलं. ज्या शाळेनं नीट पद्धत पाळली, तिनंच ती नोटिशीतून गाळली होती. आणि फी दोन वर्षं वाढणार नाही ही तर पालकांच्या दृष्टीनं चांगली बातमी, ती पण नव्हती.

मग एकेका वाढीचं कारण विचारत गेले. प्रश्न एकच ठेवला, हा जादाचा पैसा नक्की कशावर जाणार? शिक्षण शुल्काचं उत्तर सोपं होतं. पाचवी ते सातवीत फी भरणारी 180 मुलं आहेत, प्रत्येकी 3,000 म्हणजे वर्षाला 5 लाख 40 हजार. त्यातले 3 लाख नव्यानं नेमलेल्या विज्ञान शिक्षकाचा पगार, महिना 25,000 प्रमाणे. उरलेले 2 लाख 40 हजार आधीच्या आठ शिक्षकांची महिना 2,500 ची पगारवाढ. बरोब्बर जुळलं. संगणकाचे प्रत्येकी 1,000, दोन वर्षांत 3 लाख 60 हजार, त्यात 12 नवीन संगणक. तेही ठीक.

सत्र शुल्कावर आलो आणि गाडी अडली. भाऊ म्हणाले, "बाकीचं वाढलं म्हणून तेही त्याच टक्क्यानं वाढवलं." आता काय लिहायचं? मी बाईंना सांगितलं, की याचं कारण माझ्याकडे नाही आणि मी रचून लिहिणार नाही. "विविध उपक्रम" असं लिहून वेळ मारून नेता आली असती, पण तो "अनुषंगिक बाबी" चाच धाकटा भाऊ. बाईंनी दोन दिवस घेतले, समितीच्या सभेची टिपणं पाहिली आणि कारण सापडलं. तालुका क्रीडास्पर्धा आणि विज्ञान प्रदर्शनाला मुलांना नेण्याचा खर्च आधी दर वेळी वेगळा मागितला जायचा. तो आता सत्र शुल्कात धरलाय आणि वेगळा मागायचा नाही असं ठरलंय. हे भाऊंनाही माहीत नव्हतं. ही गोष्ट नोटिशीत आली नसती, तर डिसेंबरात कोणीतरी वर्गशिक्षकांनी सवयीनं पुन्हा शंभर-शंभर गोळा केले असते आणि पालकांनी दिलेही असते.

कारण खरं आहे की भरती, हे ओळखायची माझी पद्धत अशी आहे. ते वाक्य उचलून पलीकडच्या शाळेच्या नोटिशीत ठेवून बघायचं. तिथेही तसंच शोभलं, तर ते कारण नाही. "विज्ञानाच्या नवीन शिक्षकाचा पगार" हे पलीकडे शोभणार नाही, कारण तो शिक्षक इथला आहे. मात्र लाखांचे सगळे हिशोब मी नोटिशीत घातले नाहीत. ते माझ्या पडताळणीसाठी होते. पालकाला कशासाठी किती एवढं पुरे, आणि अधिक बघायचं तर कुठे, हे सांगायचं.

बाईंना एक भीती होती, ती मी लपवणार नाही. "इतकं उघड लिहिलं तर भांडायला येतील." मी म्हटलं, भांडायला आत्ताही येतायत. फक्त आत्ता भांडण "तुम्ही सांगितलं नव्हतं" यावर होतं, पुढे झालंच तर "बारा संगणक कशाला हवेत" यावर होईल. त्याला निदान उत्तर देता येतं. त्यांना हे पूर्ण पटलं असं नाही वाटत, पण त्या हो म्हणाल्या.

नवीन नोटीस

ही शेवटची आवृत्ती:

विषय: पाचवी ते सातवीची 2025-26 ची फी, वर्षाला 36,500 रुपये

प्रिय पालक,

2025-26 मध्ये पाचवी ते सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची पूर्ण वर्षाची फी 36,500 रुपये आहे. मागच्या वर्षी ती 32,000 रुपये होती. म्हणजे वर्षाला 4,500 रुपयांची वाढ झाली आहे. 2026-27 मध्येही फी 36,500 रुपयेच राहील. बसचे भाडे, पुस्तके आणि गणवेश यात धरलेले नाहीत. आरटीई 25 टक्के प्रवेशातील विद्यार्थ्यांनी ही फी भरायची नाही.

कधी, किती भरायचे:
30 जून 2025, सोमवारपर्यंत: 14,000 रुपये
10 सप्टेंबर 2025, बुधवारपर्यंत: 6,750 रुपये
10 डिसेंबर 2025, बुधवारपर्यंत: 9,000 रुपये
10 फेब्रुवारी 2026, मंगळवारपर्यंत: 6,750 रुपये

पहिला हप्ता मोठा आहे, कारण वाचनालय-प्रयोगशाळा, संगणक आणि परीक्षा यांची वर्षभराची फी त्यात आहे. तिसऱ्या हप्त्यात दुसऱ्या सत्राचे शुल्क आहे. तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत जादा पैसे लागणार नाहीत. त्यानंतर त्या हप्त्यावर 100 रुपये, एकदाच.

फी का वाढली:
शिक्षण शुल्क 24,000 वरून 27,000 रुपये. विज्ञानासाठी एक नवीन शिक्षक नेमला आहे आणि आठ शिक्षकांचे पगार वाढवले आहेत.
संगणक शुल्क 1,800 वरून 2,800 रुपये. दोन वर्षांत 12 नवीन संगणक घेणार आहोत.
सत्र शुल्क 4,000 वरून 4,500 रुपये. क्रीडास्पर्धा आणि विज्ञान प्रदर्शनाला मुलांना नेण्याचा खर्च आता यात आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागितले जाणार नाहीत.
वाचनालय-प्रयोगशाळा शुल्क 1,200 आणि परीक्षा शुल्क 1,000 रुपये, यात बदल नाही.

ही फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने 14 डिसेंबर 2024 च्या सभेत मंजूर केली. सभेचा वृत्तांत शाळेच्या कार्यालयात पाहता येईल.

हप्त्याची तारीख पाळणे अवघड असेल तर तारखेच्या आधी कार्यालयात येऊन भेटा. वेळ: सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते 1.

एवढंच. भाऊंचा एक प्रश्न होता, की शुल्कांची वेगवेगळी नावं ठेवायचीच कशाला, एकच आकडा देऊ. तसं करू नये. समितीनं प्रत्येक शुल्क वेगळं मंजूर केलेलं असतं. शिवाय जुन्या करप्रणालीनं आयकर भरणाऱ्या पालकांना दोन मुलांपर्यंतच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते, बसभाड्याची किंवा देणगीची मिळत नाही. त्यांना शिक्षण शुल्काचा आकडा सुटा लागतो. फक्त क्रम उलटा करायचा. आधी एकूण, मग हप्ते, मग तपशील. ज्याला पहिल्या चार ओळींत हवं ते मिळालं, तो पुढचं नाही वाचणार, आणि त्याचं काही बिघडणार नाही.

आणखी एक, तुमच्यासारख्यांनी विशेष लक्षात घ्यायचं. मी पहिल्यांदा हे पाच रकान्यांच्या तक्त्यात केलं होतं. लॅपटॉपवर झकास दिसत होतं. ताईच्या फोनवर ते ग्रुपमध्ये फोटो होऊन आलं आणि आकडे मुंग्यांएवढे. म्हणून एका ओळीत एक तारीख आणि एक रक्कम. व्हॉट्सॲपसाठी तर वेगळा मजकूर केला, फोटो न जोडता, नुसती अक्षरं:

"पाचवी ते सातवी, फी 2025-26: वर्षाचे 36,500 रुपये (वाढ 4,500). पहिला हप्ता 14,000 रुपये, 30 जून सोमवारपर्यंत. पुढचे हप्ते: 10 सप्टेंबर 6,750, 10 डिसेंबर 9,000, 10 फेब्रुवारी 6,750. कारणांसह पूर्ण नोटीस शाळेच्या बोर्डावर."

याचा फायदा असा, की सहा महिन्यांनी ग्रुपमध्ये "हप्ता" असं शोधलं तरी सापडतं. फोटोतलं सापडत नाही.

तपासली कशी

छापायच्या आधी ती दोघांना वाचायला दिली. शेजारच्या काकूंना, ज्यांचं नातवंड दुसऱ्याच शाळेत आहे, आणि ताईला. "कळलं का?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं ते असं: जूनमध्ये किती न्यायचे? डिसेंबरात किती? संगणकाचे पैसे का वाढले? उशीर झाला तर काय? उत्तर देताना कागदावर बोट ठेवायला सांगितलं. काकूंनी चारही उत्तरं दिली. ताईनंही दिली, पण तिनंच उलटं विचारलं, "हे बस धरून आहे का?" बसच्या भाड्याची ओळ आधी नव्हती, ती ताईमुळे आली. काकूंनी विचारलं, "पुढच्या वर्षी परत वाढवतील का?" आम्ही दोन वर्षांची गोष्ट कायद्याच्या भाषेत शेवटी लिहिली होती. ती वर आणली आणि साधी केली.

जे जमलं नाही तेही सांगते. शाळेत काही घरं अशी आहेत जिथे कोणालाच सलग मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी कागद कितीही सोपा केला तरी तो कागदच. भाऊ म्हणाले, मी तोंडानं सांगेन. ते सांगतातही, पण खिडकीवर गर्दी असली की सगळं नाही सांगत.

नोटीस बदलून लागली तेव्हा जूनचे मोजके दिवस उरले होते. ताईनं भिशीतल्या बाकीच्या बायकांशी बोलून तिचा नंबर आधी घेतला आणि 30 तारखेला 14,000 भरले. डिसेंबरची तारीख तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केली आहे, 10 च्या चौकोनात, बाजूला 9,000 लिहून.